इतकं माझंच कसं काय लिहिलंय?

*नमस्कार मॅडम, मी फोंड्याची, वय २७, वेर्ण्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. पुण्याहून जॉब ऑफर आलीये, जाऊ की नको कळत नाहीये. मैत्रिणीने एक ज्योतिषाची साइट सांगितली, २९९ रुपये भरून कन्या राशीचा रिपोर्ट मागवला आणि वाचून अंगावर काटाच आला, सगळं माझंच लिहिलंय! मी तशी राशीबिशी मानणारी नाही, पेपरातलं भविष्य गंमत म्हणून वाचते. पण हे? आता ते म्हणतात ५१०० भरले तर गुरुजी फोनवर पुण्याचं नीट सांगतील. आई म्हणते भर. इतकं कसं जुळतं हो? आणि भरू का? रिपोर्टमधल्या पाच ओळी आणि मी भरलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉट जोडलाय.*
*– कन्या राशीवाली, फोंडा*

बाय, ५१०० आत्ता भरू नको. कधीच भरू नको असं म्हणत नाहीये, पैसे तुझे, कमाई तुझी. पण या रविवारपर्यंत थांब, घरातल्या घरात एक परीक्षा घे, ती कशी घ्यायची ते खाली सांगते, आणि मग तुझं तूच ठरव. अंगावर काटा आला म्हणून लाजायचं काही कारण नाही, तो भल्याभल्यांच्या अंगावर आलेला आहे.

१९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ मुलामुलींना एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली, आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हातात त्याच्या नावाचा एकेक कागद ठेवला, म्हणे हे तुझ्या स्वभावाचं वर्णन, किती बरोबर आहे त्याला ० ते ५ मध्ये मार्क दे. सरासरी आली ४.२६. म्हणजे जवळजवळ सगळेच खूश. मग त्याने विचारलं की कोणाकोणाला वाटतं चाचणीने काम चांगलं केलं, भराभर हात वर. आणि मग त्याने कागदावरचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हे कोणाच्या कागदावर आहे? परत सगळे हात वर, आणि वर्गात हशा. सगळ्यांना एकच कागद दिलेला होता! तेरा वाक्यं, त्यातली बरीचशी पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. लोकांनी आपल्याला आवडावं, आपलं कौतुक करावं अशी तुमची फार इच्छा असते, तुमच्यात बरीच क्षमता आहे जी तुम्ही अजून वापरलेली नाही, बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता, कधी मनमोकळे असता तर कधी अबोल, अशा धाटणीची. मुलांनी भरलेल्या चाचणीचा त्या कागदाशी काडीचा संबंध नव्हता.

याला फोरर इफेक्ट म्हणतात, किंवा बार्नम इफेक्ट, ते दुसरं नाव बार्नम या सर्कशीवाल्यावरून पडलं. नावापेक्षा एक गोष्ट लक्षात घे. त्या मुलांनी खोटे मार्क दिले नव्हते. वाक्यं खरोखरच त्यांना लागू होती. घोळ एवढाच की त्यांनी स्वतःला विचारलं "हे मला लागू पडतं का?", आणि त्याचं उत्तर हो असंच येणार, कारण वाक्यंच तशी निवडलेली. विचारायचा प्रश्न दुसरा होता, "हे कोणाला लागू पडणार नाही?" आणि तो आपणहून कोणाच्याच डोक्यात येत नाही, कारण आपण वाचतो तेव्हा समोर फक्त आपलाच कागद असतो, बाकीच्यांचे नसतात.

आता तुझा रिपोर्ट घेऊ. तू पाठवलेल्या पाच ओळी मी चहा घेताना दोनदा वाचल्या, आणि खरं सांगू, लिहिणाऱ्याला दाद द्यावीशी वाटली.

पहिली ओळ, "तुम्ही बाहेरून शांत व खंबीर दिसता पण आतून लवकर अस्वस्थ होता." हे वाक्य दोन्ही टोकांना बांधलेलं आहे, शांत माणूस पहिला भाग पकडतो, घाबरट माणूस दुसरा, आणि दोन्ही असलेला (म्हणजे आपण सगळेच) म्हणतो अगदी बरोब्बर. शिवाय आपली अस्वस्थता आपल्याला आतून कळते आणि दुसऱ्याची आपल्याला दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की हे आतबाहेर वेगळं असणं फक्त आपल्याच वाट्याला आलंय. तुझ्या डिपार्टमेंटमधल्या सगळ्यात निवांत दिसणाऱ्या माणसाला मार्चएंडला विचारून बघ.

दुसरी, "लोकांवर पटकन विश्वास ठेवता आणि नंतर दुखावले जाता." यात तक्रारीच्या वेषात स्तुती आहे. तुम्ही भोळे, मनाने चांगले, वाईट ते समोरचे. असं वाक्य नाकारायला कोणाला आवडेल? गोड वाक्यं लोक कडू वाक्यांपेक्षा पटकन स्वीकारतात, हे या विषयावरच्या प्रयोगांत परत परत दिसलेलं आहे. "तुम्ही लोकांना पटकन दुखावता आणि नंतर विसरता" असं लिहिलं असतं तर? तेही पुष्कळांना लागू पडेल, पण २९९ रुपये देऊन कोण वाचणार.

तिसरी, "तुमच्या कष्टांची हवी तशी कदर झालेली नाही." यावर मी काही लिहित नाही. उद्या कंपनीच्या बसमध्ये हे वाक्य मोठ्याने म्हण आणि कोणी मान हलवत नाही असा एक जण शोध.

चौथी ओळ मात्र मजेची आहे, आणि मला वाटतं काटा तिच्यावरच आला असणार. "घरातल्या जुन्या मालमत्तेवरून काही गोष्टी रेंगाळल्या आहेत, समुद्रापलीकडच्या एका नातेवाईकाचा त्यात संबंध येईल." हे मोघम वाटत नाही ना? मालमत्ता, समुद्र, नातेवाईक, किती नेमकं. पण बाय, तू फॉर्मवर गाव लिहिलंस फोंडा, राज्य गोवा. आता सांग, गोव्यातल्या कुठल्या वाड्यावर असं घर आहे जिथे आजोबांच्या घराच्या कागदावर सतरा जणांची नावं नाहीत? आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याने मुलामुली सगळ्यांचा हक्क, मग वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी, त्यात एक आते मुंबईला, एक काका येत नाही, एकाची सही राहिलीये, वर्षानुवर्षं तेच. आणि समुद्रापलीकडे? कोणी गल्फला, कोणी शिपवर, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट करून लंडनला. आपल्या घरात नसेल तर मावशीच्या घरात आहे, आणि वाक्यात "एका नातेवाईकाचा" एवढंच म्हटलंय, किती लांबचा ते तू ठरवायचंस. ही ओळ विदर्भातल्या एखाद्या मुलीला पाठवली असती तर तिने भुवया उंचावल्या असत्या, पण गोव्यातल्या दहा घरांत टाकली तर किती घरांत लागेल ते तूच मोज. म्हणून एखादं वाक्य नेमकं वाटलं की आधी बघायचं, आपल्यासारख्या, आपल्या गावच्या, आपल्या वयाच्या किती जणांना ते लागू पडेल. नुसतं "नेमकं वाटलं" याला अर्थ नाही. कोणालाच सहसा लागू पडत नाही आणि मला पडतं, असं वाक्य असेल तर त्याला वजन. तुझ्या डाव्या पायाच्या करंगळीला लहानपणी टाके पडलेत असं लिहिलं असतं तर मीही ताठ बसले असते.

आणि पाचवी. "लवकरच नोकरीसंबंधी एक महत्त्वाचा निर्णय घ्यावा लागेल. घाई केलीत तर नुकसान, उशीर केलात तर संधी हातची जाईल." स्क्रीनशॉट परत उघड बघू. फॉर्ममध्ये शेवटून दुसरा रकाना आहे, "सध्याची चिंता", त्यात चार पर्याय, लग्न, नोकरी, आरोग्य, पैसा. तू नोकरीवर टिक केलंयस. म्हणजे ही माहिती ग्रहांनी नाही दिली, तूच दिलीस, आणि ती तुला घडी घालून परत मिळाली! हे लबाडीचं आहे असं मी म्हणणार नाही कारण त्यांनी उघड विचारलंय, पण फॉर्म भरला की आपण काय भरलं ते विसरतो आणि रिपोर्ट आला की तो कुठून तरी वरून आल्यासारखा वाटतो. समोरासमोर बसून भविष्य सांगणारे हेच बोलता बोलता करतात, अंदाजाने काहीतरी टाकायचं, समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायचं आणि जे लागलं तेच पुढे वाढवायचं. तेव्हा गुरुजी फोनवर "सांगतील" त्यातलं किती तू आधी त्यांना सांगितलेलं असेल ते बघ.

वाक्याचा दुसरा अर्धा भाग तर चुकूच शकत नाही. पुण्याला गेलीस आणि त्रास झाला तर घाई केलीस, नाही गेलीस आणि नंतर हळहळ वाटली तर उशीर केलास. यात तुला जाऊ की नको याचं उत्तर कुठे आहे? आपल्याकडे देवळात देवाला प्रश्न विचारून, मूर्तीला पाकळ्या लावून प्रसाद घेतात ना, तो मानायचा की नाही तो भाग वेगळा, पण तिथे उजवी पडली की डावी ते सगळ्यांना दिसतं, उत्तर काय मिळालं यावर वाद होत नाही. इथे उत्तरच दिलेलं नाही आणि तरी आपल्याला मिळाल्यासारखं वाटतंय.

आता तू म्हणशील, पेपरातलं भविष्य पण असंच मोघम असतं, ते वाचून मला कधी काटा येत नाही, मग यालाच का? छान प्रश्न आहे, आणि याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात कामाचं वाटतं. १९७४ साली स्नायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने तीन गटांना एकच स्वभाववर्णन दिलं, शब्द न शब्द तेच. पहिल्या गटाला सांगितलं की हे सर्वसाधारण माणसांबद्दल आहे. दुसऱ्याला सांगितलं की तुमच्या जन्माचं वर्ष आणि महिना यावरून काढलंय. तिसऱ्याला, वर्ष, महिना आणि दिवस यावरून. ५ पैकी मार्क आले साधारण ३.२, ३.८ आणि ४.४. मजकूर तोच! जितकं जास्त "तुमच्यासाठी खास" असं सांगितलं तितका तो खरा वाटला. तुझ्या फॉर्ममध्ये जन्मवेळ मिनिटापर्यंत विचारलीये, जन्मस्थळ विचारलंय, मग "गणना सुरू आहे" म्हणत ते चक्र फिरतं, मग रिपोर्टवर वर तुझं पूर्ण नाव. हे सगळं मजकूर बदलण्यासाठी असेल किंवा नसेल, पण तुझे मार्क वाढवायला ते पुरेसं आहे. पेपरवाला तुला नावाने हाक मारत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि एक गोष्ट, ही आईला नक्की वाचून दाखव. स्क्रीनशॉटमध्ये अगदी खाली बारीक अक्षरात आहे, "२३ ऑगस्ट ते २२ सप्टेंबर – कन्या". तुझी तारीख ५ सप्टेंबर, म्हणून तू कन्या. पण या तारखा पाश्चात्त्य पद्धतीच्या आहेत. आपल्या पंचांगाने सूर्य कन्येत जातो तो साधारण १७ सप्टेंबरला, ५ तारखेला तो सिंहेतच असतो. शिवाय आपल्याकडे पत्रिकेत "रास" म्हणतात ती सूर्यावरून नाहीच, चंद्र कुठे होता त्यावरून, आणि चंद्र साधारण सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्यामुळे तुझ्याच महिन्यात जन्मलेल्यांच्या बारा वेगवेगळ्या राशी असू शकतात. आईने कपाटात ठेवलेली तुझी पत्रिका काढ आणि रास बघ. बहुतेक कन्या नसेलच (असली तर योगायोग). म्हणजे जन्मवेळ मिनिटापर्यंत विचारून साइटने निदान रास तरी तारखेच्या तक्त्यावरूनच दिली, आणि तो रिपोर्ट ज्योतिषाच्या आपल्या नियमानेही तुझा नाही, तरी जुळला! इंग्रजी पेपर वाचणारे वर्षानुवर्षं स्वतःला एका राशीचे समजतात, मराठी पेपर वाचणारे दुसऱ्या, दोघांनाही आपापलं पटतं, एकाच माणसाला दोन्हीही पटतात. यावरून "पटणं" या गोष्टीचा किती भरवसा धरायचा ते बघ.

बरं, आता परीक्षा. तुझा तो रिपोर्ट या परीक्षेला चालणार नाही, तो तुला पाठ झालाय. घरातल्या रद्दीतून एक-दोन महिन्यांपूर्वीची, तू न वाचलेली साप्ताहिक भविष्याची पुरवणी काढ. भावाला किंवा वहिनीला बसव, बाराही राशींचा मजकूर वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर सारख्या अक्षरात लिहायला सांग किंवा मोबाइलवर टाइप करू दे, राशीचं नाव नाही, चित्र नाही, आणि "सिंहेच्या लोकांनी", "राशिस्वामी बुध", "साडेसाती" असलं ओळखू येणारं काही असेल तर तेवढं खोडायचं. चिठ्ठ्यांना क ख ग अशी अक्षरं द्यायची आणि कुठल्या अक्षराची कुठली रास ते एका कागदावर लिहून तो कागद डब्यात बंद. मग चिठ्ठ्या तुझ्याकडे द्यायला तिसरंच कोणीतरी हवं, ज्याला यादी माहीत नाही, कारण ज्याला माहीत आहे त्याच्या चेहऱ्याकडे तू नकळत बघणार, "अगं नीट वाच ना ती" एवढं म्हटलं तरी परीक्षा गेली. तू बारा चिठ्ठ्यांना ० ते ५ मार्क द्यायचे, आणि मग सगळ्यात जास्त लागू पडणारी *एकच* निवडून आधी लिहून ठेवायची. मग डबा उघडायचा.

इथे दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे तुझी रास तू निवडलीस का. दुसरी, जी लोक बघतच नाहीत, म्हणजे बारांपैकी किती चिठ्ठ्यांना तू ३ किंवा जास्त मार्क दिलेस. पाच-सहा चिठ्ठ्या "बऱ्यापैकी माझ्या" निघाल्या तर तुझ्या प्रश्नाचं, इतकं कसं जुळतं याचं, उत्तर तिथेच तुझ्या अक्षरात लिहिलेलं असेल. बारामधलं एकच वाचलं की ते माझं वाटतं, बाराही वाचले की अर्धे माझे वाटतात.

रास बरोबर निघाली तर? निघूही शकते, बाय, नुसत्या नशिबाने बारात एकदा निघायचीच. आणि घरात सगळ्यांनी खेळायचं ठरवलं तर आणखी सांभाळ. पाच जणांनी एकेक चिठ्ठी निवडली तर निव्वळ नशिबाने त्यातल्या किमान एकाची रास बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे, म्हणजे तीनातल्या एका घरात कोणीतरी टाळ्या वाजवणारच, आणि चवथीला सगळे जमले की तीच गोष्ट सांगितली जाईल, बाकी चौघांचं काय झालं ते कोणी सांगणार नाही. खरंच बघायचं असेल तर तू एकटीने वेगवेगळ्या आठवड्यांच्या बारा पुरवण्यांवर हेच कर. नशिबाने बारात साधारण एकदा बरोबर येईल, दोनदा आलं तरी विशेष नाही, तीन किंवा जास्त वेळा येण्याची शक्यता शंभरात सातएक, आणि चार किंवा जास्त म्हटलं तर सत्तरात एकदा. चार आले तर मला लिही, मी खरंच बघायला येईन. मात्र किती वेळा खेळायचं ते *आधी* ठरवायचं, बरोबर आलं की थांबायचं असं नाही.

आणखी एक उपाय याहून सोपा आहे, त्याला चिठ्ठ्याही नकोत. वाक्य उलटं करून बघायचं. रे हायमन म्हणून अमेरिकेतला एक मानसशास्त्रज्ञ, तो तरुणपणी हात बघायचा, लोक इतके खूश व्हायचे की त्याचा स्वतःचाही हस्तसामुद्रिकावर विश्वास बसला होता. मग एका जाणत्या माणसाने त्याला सुचवलं, हातावर जे दिसतं त्याच्या बरोब्बर उलटं सांगून बघ. त्याने तसं केलं, आणि लोक तितकेच खूश! तू तुझ्या ओळी उलट्या कर. "तुम्ही लोकांवर सहज विश्वास ठेवत नाही, पण ज्याला आपलं मानता त्याच्याकडून दुखावले जाता." हे पण तूच ना? मग मूळ वाक्याने तुझ्याबद्दल काय सांगितलं?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, नाहीतर आई म्हणेल मॅडमनी ज्योतिषच खोटं ठरवलं. फोररच्या प्रयोगाने ज्योतिष खोटं ठरत नाही. त्याने एवढंच कळतं की "मला पटलं" हा पुरावा नाही, ना ज्योतिषाचा, ना ऑफिसात एचआर घेतं त्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांचा, त्यांनाही हीच चाळण लाव. ज्योतिषात तथ्य आहे का हे बघायचं तर ज्याचं उत्तर आधीच ठाम माहीत आहे अशी गोष्ट विचारावी लागते. ते आपल्या जवळच, महाराष्ट्रात झालेलं आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात नरेंद्र दाभोलकरही होते, २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या, १०० शाळेत हुशार असलेल्या मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या, कुठली कुठल्या गटातली ते ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी निम्म्याहूनही जरा कमी बरोबर आली. एका संस्थेने सगळ्या २०० बघितल्या, त्यांची १०२ बरोबर. नाणं उडवलं असतं तर १०० च्या आसपास आलीच असती. २००९ मध्ये हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं. बघ, इथे "पटलं का" असा प्रश्नच नाही, बरोबर की चूक एवढंच.

आईशी यावरून भांडू नको. मुहूर्त बघणं, पंचांग, चवथीची पूजा कधी, हे तिच्यासाठी घरचं वळण आहे, त्यावर ५१०० रुपयांचा आणि नोकरीचा निर्णय टांगलेला नाही. तुझा प्रश्न फक्त या फोनचा आहे.

आणि हे सगळं कळलं म्हणून पुढच्या वेळी काटा येणार नाही असंही समजू नको. मी इतकी वर्षं हा विषय शिकवला, तरी माझ्या राशीचं वाचताना "अरे हो" असं मनात येतंच. म्हणून मनाला समजवत बसण्यापेक्षा हाताला सवय लाव. भविष्यात काही घडणार असं कोणी म्हटलं की ते वहीत त्याच्याच शब्दांत लिही, तारीख टाक, आणि शेजारी लिही की काय झालं तर हे चुकलं म्हणायचं. तुझ्या पाचव्या ओळीपुढे हा दुसरा रकाना भरून बघ. भरताच येणार नाही. ज्या वाक्यापुढे तो रकाना भरता येत नाही ते वाक्य विकत घेऊ नको, मग ते २९९ ला असो की ५१०० ला.

तरी आईच्या समाधानासाठी फोन करायचाच असेल तर पैसे भरण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचार, व्हॉट्सॲपवर, लेखी. पुण्याला गेले तर पहिल्या सहा महिन्यांत नक्की काय होईल आणि काय होणार *नाही*, आणि हेच उत्तर माझ्या मकर राशीच्या मैत्रिणीला तुम्ही देणार नाही ना? फॉर्मवर जे लिहिलंस त्यापेक्षा एक शब्द जास्त सांगू नको, पगार किती, आईची तब्येत, काहीही नाही. "तसं सांगता येत नाही, ग्रहमानावर अवलंबून" असं आलं तर ५१०० वाचले. आणि पुण्याच्या ऑफरचं पत्र काढून दे बघू, त्यात हातात पगार किती, प्रोबेशन किती महिन्यांचं, नोटीस किती आणि उत्तर द्यायची शेवटची तारीख कुठली हे चार आकडे मला पाठव, तू पत्रात त्यातला एकही लिहिलेला नाहीस.